बरणीतले बेचाळीस मणी

[दृश्य: टेबलावर काचेची बरणी, मण्यांनी भरलेली. शेजारी उघडी वही.]

या बरणीत 100 मणी आहेत, काही पांढरे आणि काही काळे. कोणते किती, हे फक्त भरणाऱ्याला माहीत आहे.

खेळ असा. न बघता एक मणी काढायचा. पांढरा निघाला तर लावलेल्या रकमेच्या दीडपट नफा, काळा निघाला तर लावलेली रक्कम गेली. मणी परत आत टाकायचा, बरणी हलवायची आणि पुन्हा हात घालायचा.

ट्रेडरचा दिवस साधारण असाच असतो. स्टॉपलॉस लागला की ठरलेली जोखीम गेली, टार्गेट आलं की जोखमीच्या दीडपट हाती. पांढऱ्यांचं प्रमाण म्हणजे विन रेट, आणि ते दीडपट म्हणजे पेऑफ. प्रश्न एकच उरतो, आणि बहुतेक जण तो सगळ्यात शेवटी विचारतात: दर वेळी भांडवलाचा किती हिस्सा लावायचा?

[दृश्य: हात बरणीत जातो. वहीत रेघा वाढत जातात, पाच-पाचचे गठ्ठे.]

आम्ही 100 वेळा मणी काढला. इथे बघा, सलग सहा काळे. मग दोन पांढरे, पुन्हा एक काळा. शंभरावा मणी आत गेल्यावर मोजदाद केली, तेव्हा पांढरे 45 आणि काळे 55 भरले.

आता सूत्र.

[दृश्य: फळ्यावर खडू.]

f = p − q/b

p म्हणजे जिंकण्याची शक्यता, 0.45. q म्हणजे हरण्याची, 0.55. b म्हणजे पेऑफ, 1.5. 0.55 ला 1.5 ने भागलं की 0.3667 येतात. ते 0.45 मधून वजा केले की उरतात 0.0833. म्हणजे दर वेळी, त्या क्षणी हातात असलेल्या भांडवलाच्या 8.33 टक्के जोखीम.

हे सूत्र जॉन केली यांचं. 1956 साली ते अमेरिकेत बेल लॅब्समध्ये काम करत होते. त्यांच्या निबंधाचा मूळ विषय शेअर बाजार नव्हता, तारेवरून जाणारा संदेश आणि त्यात मिसळणारी खरखर हा होता. त्यांनी एक जुगारी कल्पिला. त्याला खेळाचा निकाल इतरांच्या आधी खासगी तारेवरून कळतो, पण तारेत खरखर आहे, त्यामुळे कधीकधी चुकीचं ऐकू येतं. अशा माणसाने किती लावावं? सगळं लावलं तर एक दिवस चुकीचं ऐकेल आणि शून्यावर येईल. फारच थोडं लावलं तर माहिती असून उपयोग नाही. दीर्घकाळात पैसा सगळ्यात वेगाने वाढवणारा हिस्सा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो नेमका कुठे, ते केलींनी काढून दाखवलं.

[दृश्य: फळ्यावर टेकडीसारखी वक्ररेषा.]

ही रेषा नीट बघा, कारण सगळं इथेच आहे. आडव्या अक्षावर लावलेला हिस्सा, उभ्यावर वाढीचा वेग. टेकडीचा माथा म्हणजे केलींच्या सूत्राने दिलेला अख्खा हिस्सा, त्यालाच ‘पूर्ण केली’ म्हणतात. माथ्याजवळ टेकडी सपाट आहे. अर्ध्या केलीवर आलात, म्हणजे 8.33 ऐवजी 4.17 टक्के लावले, तरी वाढीचा वेग सुमारे तीन चतुर्थांश राहतो आणि चढउतार मात्र निम्मे होतात. उलट माथ्याच्या उजवीकडे गेलात की जोखीम वाढते आणि वाढ घटते. केलीच्या साधारण दुपटीवर रेषा शून्याला टेकते. त्यापुढे खेळ तुमच्या बाजूचा असूनही पैसा झिजतो.

एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकांनी हे सूत्र आधी ब्लॅकजॅकच्या टेबलावर वापरलं आणि नंतर बाजारात आणलं. ब्लॅकजॅकमध्ये गड्डी ठरलेली असते. कोणते पत्ते निघून गेले हे लक्षात ठेवलं की उरलेल्यांची शक्यता मांडता येते. तिथे p मोजता येतो. बाजारात p आपण वहीतून काढतो.

[दृश्य: बरणी पांढऱ्या कापडावर ओतली जाते. मणी रंगाप्रमाणे वेगळे होतात.]

आता बरणी ओतू.

पांढरे मणी 42. काळे 58.

वहीत 45 होते आणि बरणीत 42 निघाले. वही खोटी नाही. 100 वेळा मणी काढला की मोजदाद खऱ्या आकड्यापासून पाचेक अंक इकडेतिकडे सरकणारच. अशा शंभर-शंभरच्या चार मोजदादींतली एखादी तर त्याहूनही लांब पडते. तीन अंकांचा फरक ही अगदी रोजची गोष्ट आहे.

सूत्रात आता खरा आकडा घालू. 0.58 भागिले 1.5 म्हणजे 0.3867. 0.42 मधून ते वजा केले की राहतात 0.0333. खरी केली 3.33 टक्के, आणि आपण लावणार होतो 8.33. अडीचपट. टेकडी उतरून पलीकडच्या खड्ड्यात.

[दृश्य: वहीचं नवं पान. दोन रकाने.]

पुढच्या 100 मण्यांत सरासरीप्रमाणे 42 पांढरे आणि 58 काळे आले असं धरू. या खेळात फायदा आहे. दर वेळी 1 लावला तर 63 मिळतात, 58 जातात, 5 उरतात. तरीही 100 चं भांडवल, दर वेळी 8.33 टक्के लावून, शेवटी साधारण 90 वर येतं. शेजारच्या रकान्यात 4.17 टक्के लावले आहेत. मणी तेच आणि क्रमही तोच. तिथे 108 होतात.

वहीतला आकडा खरा निघाला असता तर? 45 पांढऱ्यांवर पूर्ण केलीने 167 केले असते, अर्ध्या केलीने 147. म्हणजे अंदाज बरोबर ठरला तर अर्धी केली 20 कमी देते, आणि तीन अंकांनी चुकला तर तोट्याचा नफा करते. मला हा सौदा पटतो, आणि ही फिल्म त्यासाठीच केली.

[दृश्य: पुन्हा पहिलं पान, सलग सहा काळ्या रेघा.]

आणि हे सहा काळे. पूर्ण केलीवर एवढ्यातच भांडवल 41 टक्क्यांनी खाली येतं, अर्ध्यावर सुमारे साडेबावीस. बरेच ट्रेडर याच जागी पद्धत सोडतात.

आपला अंदाज अचूक असला, तरी पूर्ण केलीवर खेळणाऱ्याचं भांडवल कधी ना कधी निम्म्यावर येण्याची शक्यता दोनात एक असते. अर्ध्या केलीवर ती आठात एक होते.

बरणीत एक गोष्ट नाही, ती बाजारात आहे. इथे काळा मणी ठरलेलीच रक्कम नेतो. तिथे भाव रात्रीत स्टॉपलॉस ओलांडून उघडतो. 500 ला घेतलेला, 480 चा स्टॉप लावलेला शेअर 440 ला उघडला तर तोटा ठरवलेल्याच्या तिप्पट. 8.33 टक्के जोखीम होती, गेले 25. म्हणून कित्येक जण अर्ध्यावरही न थांबता पाव केली घेतात. माथ्यावरच्या वाढीच्या निम्म्याहून थोडी कमी वाढ त्यांना चालते.

[दृश्य: मणी ओंजळीने परत बरणीत. झाकण लागतं. वहीत नवी ओळ लिहिली जाते, पेनाचं टोक जवळून.]

बाजारात बरणी ओतता येत नाही. वही तेवढी पुढे लिहिता येते. 400 सौदे झाले की आकडा पाच अंकांऐवजी अडीच अंकांनी हलतो, आणि मग सूत्रात नवा p घालता येतो.

सध्या 101 वी ओळ. विन रेट, वहीप्रमाणे, 45. पेऑफ 1.5. पूर्ण केली 8.33. जोखमीच्या रकान्यात 2.