भिंतीपुढचा अर्धा मिलिमीटर

[दृश्य: १० मीटर एअर पिस्तूल. बॅकसाइटच्या खाचेत फोरसाइट, पलीकडे धूसर काळं वर्तुळ.]

या पिस्तुलाच्या मागच्या बॅकसाइटपासून नळीच्या टोकाकडच्या फोरसाइटपर्यंतचं अंतर ३३० मिलिमीटर आहे. निशाण्याचा कागद १० मीटरवर. हात थरथरून अख्खं पिस्तूल १ मिलिमीटर बाजूला सरकलं, पण त्याचा रोख बदलला नाही, तर पेलेटही कागदावर १ मिलिमीटरच सरकतो. मात्र फोरसाइट खाचेत १ मिलिमीटर डावीकडे गेली, तर तीच चूक कागदावर ३० मिलिमीटरची होते. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, त्यापुढचं प्रत्येक कडं ८ मिलिमीटर रुंद. पेलेटची कड रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो, ही सवलत धरूनही हा नेम सातवर येतो.

फोरसाइट अशी हलते ती बहुतेकदा ट्रिगर दाबताना. नियमानुसार या पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, आणि पिस्तुलाचं स्वतःचं वजन साधारण एक किलो. म्हणजे एक बोट पिस्तुलाच्या निम्म्या वजनाइतका जोर लावतं आणि तरीही पिस्तूल जागचं हलता कामा नये. बोट सरळ मागे न येता १० अंशांनी तिरकं आलं, तर त्या ५०० ग्रॅमपैकी सुमारे ८७ ग्रॅम जोर पिस्तुलाला आडवा ढकलत राहतो.

[दृश्य: पारदर्शक बाजूचं ट्रिगरचं मॉडेल. पातं सावकाश मागे येतं.]

पातं, म्हणजे ट्रिगरचा बोट टेकतं तो भाग, मागे येऊ लागतं तो पहिला टप्पा म्हणजे टेक-अप, नेमबाजांच्या बोलण्यात ‘फर्स्ट स्टेज’. इथे काही मिलिमीटर प्रवास होतो, स्प्रिंग दाबली जाते, पण सिअर, म्हणजे फैर अडवून धरणारा आतला दात, अजून सुटायच्या बेतात नसतो. मग बोटाला अडसर लागतो. ती भिंत.

भिंतीपर्यंत किती वजन खर्ची पडतं, हे नेमबाजानं ठरवायचं असतं आणि त्यासाठी वेगळा स्क्रू असतो. समजा पहिल्या टप्प्याला ३८० ग्रॅम दिले, तर भिंतीवर उरले १२० ग्रॅम. पिस्तूल निशाण्यावर उतरता उतरताच बोटानं बहुतेक भार उचललेला असतो. नेम स्थिरावल्यावर फक्त थोडीशी भर घालायची राहते आणि एवढ्याशा भरीनं पकड बदलत नाही. उलट पहिला टप्पा १५० ग्रॅमचा ठेवला, तर भिंतीवर ३५० ग्रॅम चढवावे लागतात. तेव्हा तर्जनीबरोबर बाकीची बोटंही आवळतात आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा फटका डावीकडे खाली जातो. ‘हलका’ वाटतो म्हणून नवखे हाच दुसरा ट्रिगर पसंत करतात. एकूण वजन दोन्हींचं सारखंच असतं, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

[दृश्य: सिअर आणि त्याची खाच, खूप जवळून.]

भिंतीच्या पुढे, फायर होण्याआधी, पात्याची जी हालचाल होते ती क्रीप. सिअरचा दात खाचेत जितका खोल अडकलेला, तितकी क्रीप लांब. काही नेमबाजांना थोडी, पण एकसारखी गुळगुळीत सरक आवडते. ती चालते. त्रास देते ती अडखळणारी क्रीप.

समजा एका पिस्तुलात क्रीप अर्ध्या मिलिमीटरची आहे आणि मध्येच एकदा अडते. बोट भिंतीवरून पुढे सरकतं, पुन्हा थांबतं आणि नेमबाजाला वाटतं की खरी भिंत हीच. तो तिथे ब्रेकची, म्हणजे सिअर सुटण्याची वाट पाहतो. ब्रेक येत नाही. तोवर खांदा थकतो, फोरसाइट डोलू लागते आणि अखेर ‘आता मारच’ म्हणून बोट झटका देतं. कागदावर दिसतो तो झटका, पण कारण त्याआधीच्या थांबण्यात असतं.

हे तपासायला आधी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करायची, नळी सुरक्षित दिशेला ठेवायची आणि ट्रिगर ड्राय फायरवर, म्हणजे फैर न झाडता नुसता दाबता येईल असा लावायचा. भिंतीला बोट टेकवून अगदी हळू भार वाढवायचा आणि पात्याकडे पाहायचं. पातं सरकताना दिसलं तर ती क्रीप. सरकता सरकता थबकलं तर ती खरखरीत क्रीप. मग स्क्रू फिरवण्याआधी सिअरवर मळ किंवा झीज आहे का, ते जाणकाराकडून पाहून घ्यावं.

क्रीप कमी करायची तर स्क्रूची मूळ जागा लिहून ठेवून एका वेळी पाव फेराच फिरवावा, तोही पिस्तुलाच्या पुस्तिकेतला क्रम पाळून. हाव इथेच नडते. दात खाचेत फारच कमी अडकला, तर लोडिंगचा लिव्हर बंद करताना किंवा पिस्तुलाला धक्का बसताच ट्रिगर आपोआप सुटू शकतो. म्हणून बदल केल्यावर रिकाम्या पिस्तुलाचा लिव्हर अनेकदा जोरानं बंद करून पाहायचा आणि मुठीवर तळहातानं थापट्या मारायच्या. एकदा जरी सिअर सुटला, तरी स्क्रू मागे घ्यायचा. त्यानंतर ५०० ग्रॅमचं वजन पुन्हा लावून तपासायचं, कारण क्रीपसोबत ओढीचं वजनही बदलू शकतं.

[दृश्य: संथ गतीत. सिअर सुटतो, पातं मागच्या स्टॉपवर आदळतं.]

सिअर सुटतो तो क्षण ब्रेक. बोटासमोरचा विरोध एकाएकी नाहीसा होतो, पण बोटातला जोर तसाच असतो आणि पेलेट अजून नळीत असतो. पातं मोकळं मागे धावून आदळलं, तर तो हिसका फोरसाइटपर्यंत पोहोचतो. म्हणून मागे ट्रिगर स्टॉप असतो. तो अगदी भिडवून ठेवणंही बरं नाही. पातं सिअर पुरता सुटण्याआधीच स्टॉपला टेकलं, तर कितीही दाबलं तरी पिस्तूल फायर होत नाही. ब्रेकनंतर जरा मोकळी जागा हवीच.

दोष ट्रिगरचा की नेमबाजाच्या घाईचा, हे कोऱ्या कागदावर कळतं. काळं वर्तुळ नसलेल्या पांढऱ्या कागदावर, फक्त साइट्सकडे पाहत काही फैरी झाडायच्या. इथे फैरींच्या छिद्रांचा गट नेहमीपेक्षा आवळला, तर यंत्र ठीक आहे. वर्तुळ दिसलं की बोट घाई करतं. गट इथेही एकाच बाजूला लांबला, तर पात्याचा कोन, बोटाचं पेर कुठे टेकतं ते आणि ट्रिगरची मांडणी पाहायची.

[दृश्य: २५ मीटर रेंज. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल.]

फैरीनंतर ट्रिगर पुढच्या फैरीसाठी पुन्हा तयार होतो तो रिसेट. त्याला एअर पिस्तुलात फारसं काम नाही. दर फैरीनंतर लिव्हर उघडताना ट्रिगर नव्यानं अडकतोच. तिथे बोट ब्रेकनंतर क्षणभर मागेच ठेवायचं, एवढंच. पण २५ मीटर रॅपिड फायरच्या शेवटच्या मालिकेत चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच फैरी असतात आणि इथे ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा. फैरीनंतर पातं ठरावीक अंतर पुढे आलं तरच तो सिअरशी पुन्हा जोडला जातो. बोट कमी सोडलं, तर ट्रिगर मेलेला राहतो आणि फैर हुकते. बोट पात्यावरून पार उचललं, तर परतताना ते पात्यावर आपटतं आणि टेक-अप सुरुवातीपासून करावा लागतो.

रिसेट कुठे होतो, हे प्रत्येक पिस्तुलात वेगळं. ते हाताला कळावं म्हणून सरावात फैरीनंतर ट्रिगर मागेच धरायचा, पिस्तूल पुढच्या लक्ष्याकडे वळवताना बोट पात्याला चिकटलेलं ठेवून हळू सोडायचं आणि बारीक ‘टिक’ लागली की तिच्या किंचित पुढे जाऊन लगेच दाब सुरू करायचा. अगदी टिकेवरच उलटं फिरलेलं बोट वेग वाढला की तिथवर पोहोचत नाही, आणि मालिकेतली तिसरी-चौथी फैर हुकते ती बहुधा यामुळेच.