नखाचं फंगस: गोळी तीन महिने, नख वर्षभर

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. तर आज फक्त पायाच्या अंगठ्याच्या नखाबद्दल बोलू, कारण पावसाळा संपला की दादर-परळकडचे निम्मे पेशंट हेच दाखवायला येतात, नख पिवळं पडलंय, जाड झालंय, कापायला गेलं की भुगा पडतो.

बहुतेक वेळा हे फंगसच असतं, पण दरवेळी नाही हां. सोरायसिसमध्ये किंवा टाइट बुटाचा सारखा मार बसूनही नख अगदी असंच दिसतं, म्हणून नुसतं बघून गोळ्या सुरू करू नका, आधी नखाखालचा भुगा खरवडून केओएच टेस्ट करायची, म्हणजे तो भुगा मायक्रोस्कोपखाली बघून त्यात फंगस आहे का ते शोधायचं. त्यात काही आलं नाही पण शंका असेल तर परत सॅम्पल द्यायचं, एका निगेटिव्ह रिपोर्टवर विषय संपत नाही.

आता एका काकांचं सांगते. वॉचमनची ड्युटी, दिवसभर बंद बूट, पावसात मोजे ओलेच. टेस्ट पॉझिटिव्ह आली, लिव्हरची ब्लड टेस्ट नॉर्मल होती, मग टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम, रोज एक, १२ आठवडे. कोर्स संपल्यावर काका वैतागून आले, म्हणाले, “मॅडम, एवढ्या गोळ्या खाल्ल्या, नख आहे तसंच आहे!”

तसंच नव्हतं. गोळी पिवळं नख परत गुलाबी करत नाही, ती फंगस मारते आणि मागून नवीन नख चांगलं येतं, जुनं खराब नख पुढे सरकत सरकत कापूनच जायचं असतं. अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम एक-दीड मिलिमीटर वाढतं. काकांचं १२ मिलिमीटर खराब होतं, तीन महिन्यांत मुळाशी चारेक मिलिमीटर स्वच्छ आलेलं, बाकीचं जायला अजून सहा-सात महिने तरी लागणार. वय जास्त असेल, शुगर असेल तर वाढ अजून स्लो, दीड वर्षही लागतं. गोळी बंद केल्यावरही औषध नखात काही महिने राहतं, म्हणून तेवढ्यात घाबरून दुसरा कोर्स मेडिकलवाल्याकडून आणू नका.

मग औषध लागू पडतंय हे कळणार कसं? मी सुरुवातीलाच चांगलं नख आणि पिवळं नख जिथे भेटतं तिथे कानसने एक बारीक आडवी रेघ मारते. महिन्या-महिन्याला फोटो काढा. रेघ पुढे सरकली आणि तिच्या मागे सगळं स्वच्छ, तर चाललंय ते बरोबर चाललंय. पिवळेपणा रेघ ओलांडून मुळाकडे यायला लागला तर मात्र लगेच या, औषध बदलावं लागेल किंवा निदानच परत तपासावं लागेल.

नुसतं नेलपॉलिशसारखं लावायचं औषध चालेल का, हे सगळेच विचारतात. टोकाला थोडंसंच खराब असेल तर चालतं, पण तेही वर्षभर नेटाने लावायचं आणि नख घासून पातळ करून मगच, नाहीतर आत जातच नाही. मुळापर्यंत पोचलेल्याला नुसतं ते पुरत नाही.

आणि बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, त्या आधी बऱ्या करा, फंगस बहुतेक तिथूनच नखात शिरतं आणि बरं झालेलं नखही त्यामुळेच परत बिघडतं.