ठोकळा भिंतीवर टिकतो तेव्हा

[दृश्य: टेबलावर चार चाकांची छोटी ट्रॉली. तिच्या पुढच्या बाजूला बाहेरून एक उभी लाकडी पाटी बसवलेली. पाटीला टेकवून एक ठोकळा बोटानं धरला आहे.]

या ठोकळ्याखाली काहीही नाही. फळी नाही, खिळा नाही, डिंक नाही. बोट काढलं की तो सरळ खाली पडणार. पण बोट काढण्याच्या क्षणीच ट्रॉलीला पुढे जोरात ढकललं, तर ठोकळा पाटीला धरून राहू शकतो. त्यासाठी ट्रॉलीचा वेग किती झपाट्यानं वाढायला हवा, हे आज मोजायचं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू, कारण अकरावीतली पुष्कळ मुलं इथेच चुकतात. ठोकळा गाडीच्या पुढच्या तोंडावर, बाहेरच्या बाजूला आहे. गाडी पुढे निघाली की पाटी त्याला मागून ढकलते. हाच ठोकळा गाडीच्या आत, समोरच्या भिंतीला टेकवला असता तर वेग वाढवताना भिंत त्याच्यापासून पुढे निघून गेली असती आणि ठोकळा मागे राहिला असता. आतल्या बाजूचा ठोकळा टिकवायचा तर ब्रेक मारावा लागतो. म्हणून आकृती काढताना आधी बघायचं, की भिंत ठोकळ्याला ढकलते आहे की त्याच्यापासून दूर पळते आहे.

[दृश्य: ठोकळा जवळून. त्याच्यावर तीन बाण उमटतात.]

आता ठोकळ्यावरची बलं बघू. पहिलं त्याचं वजन, सरळ खाली. दुसरं पाटीचा धक्का, सरळ पुढे. यालाच अभिलंब बल म्हणतात. तिसरं घर्षण. ठोकळा खाली घसरू बघतो, म्हणून घर्षण पाटीच्या पृष्ठभागालगत वर लागतं.

ठोकळा 200 ग्रॅमचा आहे. त्याचं वजन झालं 1.96 न्यूटन. तो पडू नये यासाठी घर्षणानं नेमकं एवढंच बल वर लावायला हवं. घर्षण मात्र स्वतःच्या मनानं हवं तेवढं देता येत नाही. पाटी ठोकळ्याला जितकी जोरात दाबते, त्याच्या ठराविक पटीतच ते कमाल असू शकतं. ही पट म्हणजे स्थितिक घर्षणाचा गुणांक. लाकडावर लाकूड घासताना तो 0.5 आहे असं धरू. मग 1.96 न्यूटन घर्षण मिळवायचं तर पाटीचा धक्का त्याच्या दुप्पट हवा, म्हणजे 3.92 न्यूटन. आडव्या दिशेत ठोकळ्यावर दुसरं कुठलंच बल नाही, त्यामुळे हाच धक्का त्याला पुढे नेतो. 3.92 न्यूटन बल 0.2 किलोच्या वस्तूला 19.6 मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण देतं. हेच आपलं किमान त्वरण.

[पडद्यावर: a = g / μ]

सूत्रात वस्तुमान उरलेलंच नाही. 200 ग्रॅमऐवजी 2 किलोचा ठोकळा घेतला तर त्याला दहापट घर्षण लागेल, पण तो पुढे न्यायलाही पाटीला दहापट धक्का द्यावा लागेल, आणि त्या धक्क्यातून घर्षणही दहापट मिळेल. हा हिशेब जुळतो तो घर्षणाच्या एका नियमामुळे: कमाल घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं. फ्रान्समध्ये आमाँतों यांनी 1699 साली तो मांडला. लाकूड, धातू अशा कोरड्या, कडक पृष्ठभागांना तो बराच चांगला लागू पडतो. चिकटपट्टी किंवा ओला रंग लावला की नियम मोडतो आणि वस्तुमानही पुन्हा हिशेबात येतं.

आता समजा ट्रॉलीचं त्वरण 19.6 वरून 30 केलं. कमाल घर्षण वाढून 3 न्यूटन झालं, वजन मात्र तेच, 1.96 न्यूटन. मग ठोकळा पाटीवर वर चढेल का? नाही. 3 न्यूटन ही घर्षणाची मर्यादा आहे, प्रत्यक्ष लागणारं घर्षण 1.96 न्यूटनच राहतं. स्थितिक घर्षण गरजेपुरतंच लागतं. गुणांक गुणिले अभिलंब बल हे समीकरण फक्त घसरण्याच्या काठावर खरं असतं.

[दृश्य: ट्रॉलीला दोरा, टेबलाच्या कडेला कप्पी, खाली लोंबकळणारं वजन.]

इथवर सगळं कागदावर झालं. ते प्रत्यक्ष करून बघायला गेलं की अडचण लगेच समोर येते. शाळेच्या प्रयोगशाळेत ट्रॉली ओढायची नेहमीची पद्धत अशी: दोरा कप्पीवरून खाली सोडायचा आणि त्याला वजन टांगायचं. या पद्धतीनं आपला लाकडी ठोकळा कधीच टिकणार नाही, वजन कितीही वाढवलं तरी. लोंबकळणारं वजन स्वतः पडत असतं, आणि पडणारी वस्तू 9.8 पेक्षा जास्त त्वरणानं खाली येत नाही. दोरा तर तिला मागेच ओढत असतो. त्यामुळे ट्रॉलीचं त्वरण 9.8 च्या खालीच अडकतं आणि आपल्याला हवं आहे त्याच्या दुप्पट.

मोटारीच्या नाकावर ठोकळा धरून बघावा, असंही कुणाला वाटेल. 19.6 त्वरण म्हणजे थांबलेली गाडी दीड सेकंदाच्या आत ताशी 100 किलोमीटरवर. घरच्या साध्या गाडीला त्यासाठी दहा सेकंद किंवा जास्तच लागतात. आणि अडचण फक्त इंजिनाची नाही. गाडीला पुढे ढकलणारं बल येतं ते टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून. चारही चाकं जोर लावत असली तरी त्वरणाची मर्यादा असते टायरचा घर्षण गुणांक गुणिले g. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा गुणांक 0.8 धरला तर कमाल त्वरण साधारण 7.8. ठोकळ्याला मात्र हवं आहे g भागिले त्याचा गुणांक. ही दोन सूत्रं शेजारी मांडली की अट हाती येते: टायरचा गुणांक आणि ठोकळ्याचा गुणांक यांचा गुणाकार निदान 1 व्हायला हवा. 0.8 च्या टायरला 1.25 गुणांकाचा ठोकळा लागेल. या प्रश्नात मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट हीच. एक घर्षण गाडीला पुढे नेतं, दुसरं ठोकळ्याला वर धरतं, आणि एक कमी पडलं तर ते दुसऱ्यानं भरून काढावं लागतं.

[दृश्य: हातानं ट्रॉलीला झटका. मोबाइलवर सेकंदाला 240 चौकटींचं चित्रण.]

हाताला मात्र हे जमतं, फक्त क्षणभर. ट्रॉली आणि ठोकळा मिळून अर्धा किलो असेल तर 20 च्या त्वरणासाठी 10 न्यूटन पुरतात, म्हणजे एक किलोची पिशवी उचलण्याइतका जोर. हा जोर एक दशांश सेकंद टिकला तर ट्रॉली 10 सेंटिमीटर पुढे जाते. तेवढ्या वेळात आधाराविना सोडलेली वस्तू साधारण 5 सेंटिमीटर पडते. म्हणून पाटीवर खडूनं आडवी रेघ मारायची, ठोकळ्याची वरची कड रेघेला लावायची आणि चित्रण एकेक चौकट पुढे सरकवत बघायचं. एक दशांश सेकंदात 24 चौकटी मिळतात. कड शेवटपर्यंत रेघेवर राहिली तर ठोकळा टिकला.

झटका कमी पडून त्वरण 15 च राहिलं तर ठोकळा घसरतो, पण मोकळा पडत नाही. एकदा घसरू लागला की गतिज घर्षण लागतं, आणि ते थोडं कमी असतं. त्याचा गुणांक 0.4 धरला तर ठोकळा 3.8 च्या त्वरणानं खाली येतो आणि एक दशांश सेकंदात रेघेच्या जवळपास 2 सेंटिमीटर खाली जातो. चौकटींमध्ये हा फरक साफ दिसतो. ढकलणं थांबलं की पाटीचा दाब संपतो, त्याबरोबर घर्षणही जातं, आणि ठोकळा हातातून सुटलेल्या दगडासारखा पुढे झेपावत पडतो. चित्रणात हे पडणं बघून प्रयोग फसला असं वाटतं, पण निकाल त्याच्या आधीच लागलेला असतो.

[दृश्य: पाटी ट्रॉलीवरून काढून आडवी ठेवली आहे. वर ठोकळा. एक टोक हळूहळू उचललं जातं, शेजारी कोनमापक.]

घर्षण गुणांक पुस्तकातून उचलू नये. तीच पाटी आडवी ठेवायची, तोच ठोकळा वर ठेवायचा आणि एक टोक उचलत जायचं. ज्या कोनाला ठोकळा सुटतो त्या कोनाचा टॅन म्हणजे गुणांक. 0.5 साठी हा कोन साधारण 27 अंश येतो. या मोजमापाचं ट्रॉलीशी जवळचं नातं आहे. वेग वाढवत चाललेल्या ट्रॉलीत बसून पाहिलं तर गुरुत्व सरळ खाली न राहता पाटीकडे कलतं. पाटीला काटकोनात असलेल्या रेषेशी त्याचा कोन 27 अंशांच्या आत आला की ठोकळा टिकला. उचललेल्या फळीवर आपण हेच तर मोजलं.

[दृश्य: पाटीवर आणि ठोकळ्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आहे.]

आता पाटी आणि ठोकळा, दोन्हींवर रबर लावू. कोरड्या, धूळ पुसलेल्या रबराचा ठोकळा फळी 50 अंशांवर गेल्यावर सुटतो असं धरलं, तर गुणांक 1.19 आणि किमान त्वरण 8.2. रबर दाबाच्या नियमाला काटेकोर धरून चालत नाही, म्हणून हा आकडा अंदाजाचा समजायचा. पण तो 9.8 च्या खाली आला, म्हणजे टांगलेल्या वजनानं काम होऊ शकतं. ट्रॉली आणि ठोकळा मिळून अर्धा किलो, तर निदान 2.6 किलो वजन हवं. कप्पीचं आणि चाकांचं घर्षण लक्षात घेऊन 4 किलो टांगू. हे घर्षण अगदी कमी असेल तर त्वरण जवळपास 8.7 मिळतं.

सुरुवातीला ठोकळ्यावर समोरून बोट टेकवून अख्खी ट्रॉली अडवून धरायची, मग बोट पुढच्या दिशेनं झटकन काढून घ्यायचं. बोट टेकलेलं असतं तोवर ठोकळा दोन्हीकडून दाबलेला असतो, त्यामुळे सुटायची वेळ येत नाही.

[दृश्य: चौकोनी ठोकळा. ट्रॉली सुटते. ठोकळ्याची वरची कड पाटीपासून सुटते, तो पुढे कलंडतो.]

घसरला नाही, कलंडला. घर्षण ठोकळ्याच्या मागच्या पृष्ठावर वर लागतं आणि वजन मध्यातून खाली. ही जोडी त्याला पुढे झुकवते. तोल सांभाळायला पाटीचा धक्का ठोकळ्याच्या खालच्या भागाकडे सरकतो, पण खालच्या कडेच्या पलीकडे त्याला जाता येत नाही. म्हणून दुसरी अट लागू होते: त्वरण निदान g गुणिले ठोकळ्याची जाडी भागिले उंची. घनाकृती ठोकळ्याला हे 9.8 येतं, आपल्याकडे 8.7 च आहे. लाकडावर लाकूड होतं तेव्हा घसरण्याची अट 19.6 ची होती, ही दुसरी अट तिच्यामागे झाकून गेली होती.

[दृश्य: 6 सेंटिमीटर उंच, 2 सेंटिमीटर जाड चपटा ठोकळा. तेच रबर, तेच 4 किलो.]

जाडी उंचीच्या एक तृतीयांश केली की कलंडण्याची अट 3.3 वर येते. टेबलावरची अर्धा मीटर धाव ट्रॉलीनं 0.34 सेकंदात संपवली. चित्रणाच्या ऐंशीएक चौकटी. सगळ्यांत ठोकळ्याची कड खडूच्या रेघेवर आहे.