दोन दिवसांत आठ गणपती?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या आत्याला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अष्टविनायक करायचं होतं. आत्या म्हटल्यावर काका आले, काका म्हटल्यावर काकू आल्या, माझी आई तर होतीच. असे करता करता आम्ही दहा जण झालो. त्यातले सहा सत्तरीच्या पुढचे. एवढ्या म्हाताऱ्या माणसांना एकत्र घेऊन आम्ही कधीच कुठे गेलो नव्हतो. तेवढ्यात भावाने एका टूरवाल्याचं पत्रक आणलं: दोन दिवस, एक रात्र, आठही गणपती, चहा-नाश्ता-जेवणासकट माणशी 3,200 रुपये. सगळे खूश. मी मात्र कागद-पेन घेऊन बसले.

मुंबईहून निघून आठही ठिकाणं करून परत यायचं, तर साधारण साडेसहाशे किलोमीटर होतात. घाट, गावातले रस्ते, उसाच्या ट्रॅक्टरमागची रांग हे सगळं धरून मोठ्या बसचा वेग तासाला सरासरी चाळीस पकडा. म्हणजे सोळा तास नुसते बसमध्ये. प्रत्येक देवळात पाऊण तास, आठ देवळांचे सहा तास. दोन दिवसांची जेवणं, चहा, नाश्ता मिळून पाच तास. बेरीज सत्तावीस. दोन दिवसांनी भागा, रोजचे साडेतेरा तास झाले. यात रांग नाही, पंक्चर नाही आणि चाळीस माणसं एका दारातून उतरून पुन्हा चढण्याचा वेळही नाही.

म्हणून बस पहाटे पाचला निघते. तीही बोरिवलीहून. मग अंधेरी, सायन, चेंबूर, वाशी इथली माणसं घेत घेत मुंबई सोडेपर्यंत पहिल्या स्टॉपवरचा माणूस दोन तास बसून अवघडलेला असतो. येताना उलट. रात्री साडेबारा-एकला हायवेवर उतरवतात आणि तिथून पिशव्या आणि आत्याला घेऊन रिक्षा शोधायची. पत्रकावर ‘बोरिवली ते बोरिवली’ असतं, त्याचा अर्थ घराचं दार असा नसतो.

आणि काकांची गोळी. रक्तदाबासाठी त्यांना सकाळी लघवीची गोळी असते. ती घेतली की पुढचे दोन-तीन तास त्यांना चार वेळा जावं लागतं. चाळीस जणांची बस एका माणसासाठी एक्सप्रेसवेवर थांबत नाही आणि काका मागायलाही लाजतात. मग ते काय करतात, तर पाणीच पीत नाहीत. उन्हात, प्रवासात, त्या वयात हे सगळ्यात वाईट. गोळीची वेळ प्रवासापुरती बदलता येईल का, हे आम्ही डॉक्टरांना आधी विचारलं. मनाने गोळी चुकवायची नाही, एवढं मी काकांकडून कबूल करून घेतलं होतं.

तरी मी टूरवाल्याला फोन केला. सीट कुठल्या? ज्याने आधी बुकिंग केलं त्याला पुढच्या. म्हणजे आम्ही मागच्या चाकाच्या मागे, जिथे प्रत्येक खड्डा कमरेत बसतो. खोल्या? तिघांत एक, तिसऱ्याला जमिनीवर गादी. संडासात कमोड आहे का? ‘बहुतेक असेल, मॅडम.’ ज्या बाईचा गुडघा बदललेला आहे, तिला ‘बहुतेक’ चालत नाही. जमिनीवरच्या गादीवरून तर तिला उठताच येणार नाही.

टूरवाल्याला मी नावं ठेवत नाही. 3,200 रुपयांत त्याने दुसरं काय द्यावं? आणि काशी-प्रयागला जायचं असतं, तर मी पॅकेजच घेतलं असतं. तिथे ओळखीचं दवाखान्याचं दार नाही, रात्रीच्या गाड्यांची तिकिटं, स्टेशनवरचे हमाल, गल्लीत गाडी कुठपर्यंत जाते ही माहिती विकत घेण्यासारखी असते. अष्टविनायकातलं सगळ्यात लांबचं सिद्धटेकसुद्धा मुंबईपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. काही बिनसलं तर अर्ध्या दिवसात घरी.

मग आम्ही यात्रेचे दोन तुकडे केले. महड आणि पाली रायगड जिल्ह्यात, एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर. ते आधी एका दिवसात उरकले, चाचणी म्हणून. त्या एका दिवसात कळलं की काकूंना घाटात गाडी लागते आणि टेम्पो ट्रॅव्हलरची पहिली पायरी आत्यासाठी फार उंच आहे. पुढच्या वेळी घरचं प्लॅस्टिकचं स्टूल बरोबर घेतलं. दार उघडलं की आधी स्टूल खाली, मग आत्या. यावर तिने आईला दिवसभर चिडवलं, कारण स्टूल आईच्या स्वयंपाकघरातलं होतं.

तेव्हा आत्याने एक हरकत घेतलीच. शास्त्राप्रमाणे मोरगाव पहिलं, मग सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि शेवटी परत मोरगाव. तिला नकाशा दाखवला. या क्रमाने जायचं तर मोरगावहून सिद्धटेकला जाऊन तिथून घाट उतरून पालीला यायचं आणि परत वर चढायचं. पॅकेजवालेही हा क्रम पाळत नाहीत.

उरलेले सहा गणपती आम्ही तीन दिवसांत केले. दहा जणांसाठी सतरा सीटची गाडी घेतली, म्हणजे पाय लांब करायला रिकाम्या सीट राहिल्या. इथे एक हिशेब नीट समजून घ्या. गाडीवाला चाललेले किलोमीटर लावत नाही, दिवसाचे किमान किलोमीटर लावतो. आमच्याकडे तीनशे होते, दर 25 रुपये. गाडी तीन दिवसांत सहाशेच्या आसपास फिरली, पैसे नऊशेचे द्यावे लागले. तिसऱ्या दिवसाचे 7,500 आणि ड्रायव्हरचा भत्ता 500, दहा जणांत माणशी 800. या आठशे रुपयांत रोजचा गाडीतला वेळ पाच तासांवर आला. खोल्या, जेवण, टोल धरून पॅकेजपेक्षा महाग पडलंच, ते मी लपवत नाही. गाडी मात्र पिवळ्या नंबर प्लेटचीच घ्या. पांढऱ्या पाटीची कुणाची तरी गाडी स्वस्तात मिळते, पण अपघात झाला तर विम्याचं भांडण तुमच्या गळ्यात.

पहिला मुक्काम मोरगावला, दुसरा ओझरला. खोली सांगताना मी दोनच गोष्टी फोनवर पक्क्या केल्या: तळमजला आणि कमोड. आणि तरी माझी चूक झालीच. सगळ्यांच्या रजा जुळवताना भिंतीवरचं कॅलेंडर पाहायचं राहिलं आणि रांजणगावला आम्ही नेमके संकष्टीला पोचलो. रांग बाहेरपर्यंत. तीन म्हातारी माणसं गाडीतच बसली, बाकीच्यांनी दर्शन घेतलं. पॅकेजमध्ये ही चूक टूरवाल्याची ठरली असती, इथे सगळे माझ्याकडे बघत होते.

लेण्याद्री शेवटच्या दिवशी सकाळी सातला. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, दगड तापायच्या आत चढलेलं बरं. खाली डोलीवाले असतात. आत्या म्हणाली, ‘चार जणांनी उचलून न्यायला मी काय गेले की काय?’ आणि चहाच्या टपरीवर बसली. काका तिच्या सोबतीला. आम्ही दर तीस-चाळीस पायऱ्यांना थांबत वर गेलो, दोन तासांनी खाली आलो. कोणी शिट्टी वाजवत नव्हतं, कोणी माणसं मोजत नव्हतं. तोवर आत्याने टपरीवालीशी मैत्री करून तिच्याकडून जुन्नरच्या घेवड्याचं बी घेतलं होतं.

माळशेजवरून परतताना तिने हिशेब केला. आठ झाले, पण शेवटी परत मोरगावला जायचं राहिलं. त्या वेळी कॅलेंडर तीच बघणार आहे.