फिरतं चाक पडत का नाही?

नमस्कार श्रोतेहो. सायकलचं चाक काढून त्याच्या आसाचं एकच टोक दोरीनं टांगा. आस आडवा धरून सोडलात, तर चाक लगेच खाली पडतं. तेच चाक आधी जोरात फिरवून सोडलं, तर आस जवळपास आडवाच राहतो आणि अख्खं चाक दोरीभोवती संथपणे फेरी घालू लागतं. याला परांचन म्हणतात. इथे गुरुत्वाकर्षण जराही कमी झालेलं नसतं, दोरी चाकाचं पूर्ण वजन पेलत असते.

उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. दोरी तुमच्याजवळ आहे आणि चाक तिच्या पलीकडे, उत्तरेला. तुमच्या बाजूनं पाहताना ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतंय. उजव्या हाताची बोटं त्या दिशेनं वळवा. अंगठा उत्तर दाखवेल. ही कोनीय संवेगाची, म्हणजे चाकात साठलेल्या फिरण्याच्या मापाची दिशा.

आता वजनाचा टॉर्क, म्हणजे वजनाचा फिरवू पाहणारा परिणाम. तोच हात, तळवा जमिनीकडे, बोटं चाकाकडे. वजन आसाचं टोक खाली ओढतं, तशी बोटं खाली वाकवा. अंगठा पश्चिमेला आहे ना? टॉर्क पश्चिमेकडे आहे. आणि टॉर्क ज्या दिशेला, त्याच दिशेला दर क्षणी थोडा नवा कोनीय संवेग जमा होतो.

सगळी गोम इथेच आहे. चाक स्थिर असेल तर आधीचा संवेग शून्य. जमा होतो तो सगळाच पश्चिमेकडचा, आणि पश्चिमेकडच्या संवेगाचा अर्थच टोक खाली जाणं. पण फिरत्या चाकाजवळ उत्तरेकडचा मोठा संवेग आधीच असतो. त्यात पश्चिमेचा छोटा बाण मिळवला की बेरजेचा बाण किंचित पश्चिमेला वळतो, म्हणून आसही तिकडे वळतो. आस वळला की टॉर्कही त्याच्याबरोबर वळतो, कायम काटकोनातच राहतो, आणि फेरी चालू राहते.

आकडे घालून पाहू. चाक 2 किलोचं, त्रिज्या 30 सेंटिमीटर, वजन बहुतेक कडेला, सेकंदाला 5 फेरे. कोनीय संवेग साधारण 5.7 एकक. दोरीपासून चाकाचा मध्य 15 सेंटिमीटर असेल, तर टॉर्क 2.9 न्यूटन-मीटर. टॉर्कला संवेगानं भागलं की परांचनाचा वेग मिळतो: सेकंदाला सुमारे अर्धा रेडियन, म्हणजे 12 सेकंदांत एक फेरी. चाकाचा वेग निम्मा झाला, तर तीच फेरी 6 सेकंदांत. भोवरा मंदावताना अधिकाधिक वेगानं डुलतो तो याचमुळे. अर्थात हे गणित चाक भरपूर वेगात असेपर्यंतच चालतं. ते फार मंदावलं की आस वरखाली हेलकावतो आणि फेरी बिघडते.

मला सर्वांत आवडते ती पुढची कृती. पश्चिमेकडे सरकणारा आस बोटानं अडवा. चाक ताबडतोब खाली झुकतं. तुमचं बोट आसाला पूर्वेकडे ढकलतं, त्या ढकलण्याचा टॉर्क जमिनीकडे असतो, आणि उत्तरेकडचा बाण आता खाली वळतो. उलट, आसाला परांचनाच्याच दिशेनं हलकेच ढकला, चाक वर चढेल.