स्वेटर आटतो तो चोळण्याने

(पडद्यावर: अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरलेला एक लांब केस)

हा माणसाच्या डोक्याचा केस आहे. तर्जनीवर तो बोटाच्या लांबीच्या दिशेनेच ठेवलाय आणि वरून अंगठा. आता अंगठा पुढे-मागे घासायचा, जितका पुढे तितकाच मागे. हिशेबाने केस जागच्या जागी राहायला हवा. पण बघा, तो एकाच बाजूला चाललाय. केस फिरवून धरला तरी तेच होतं. दोन्ही वेळा पुढे सरकतंय ते केसाचं मूळ.

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली लोकरीचा तंतू)

लोकरीचा तंतू याच जातीचा. हा मेरिनो मेंढीचा आहे, जाडी साधारण 20 मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहून कितीतरी बारीक. अंगावर खवले आहेत, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले, आणि प्रत्येक खवल्याची मोकळी कड तंतूच्या टोकाकडे आहे. मुळाकडून टोकाकडे घासलं तर काही अडत नाही. उलट घासलं की कडा अडतात. त्यामुळे घासाघासी दोन्ही दिशांना सारखी झाली तरी तंतूची चाल एकाच दिशेची, मुळाकडची. गवताचं कुसळ कापडात शिरलं की आपल्या प्रत्येक हालचालीबरोबर पुढेच घुसतं, मागे येत नाही. तसंच हे.

आता असे शेकडो तंतू एका सुतात पिळलेले असतात, आणि त्यांची मुळं एका बाजूला नसतात. काहींची या टोकाला, काहींची त्या टोकाला. घासाघासी सुरू झाली की प्रत्येक तंतू आपापल्या मुळाच्या दिशेने निघतो. वाटेत दुसऱ्यांना अडकतो, त्यांना ओढतो, त्यांच्या फटींतून पार होतो. मागे फिरायची सोय कोणालाच नाही.

(पडद्यावर: पाण्याचा थेंब सुतावर पडतो, हळूहळू आत जिरतो)

कोरड्या स्वेटरमध्ये हे फारसं घडत नाही, कारण कोरडा तंतू ताठ असतो. पाणी आलं की गोष्ट बदलते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश पाणी तंतूच्या आत घेते. तंतू जाडीला साधारण सहाव्या हिश्शाने फुगतो, लांबीला मात्र जेमतेम एक टक्का वाढतो. आणि तो लवचिक होतो. ओला तंतू ओढून सुमारे 30 टक्के लांब केला तरी सोडल्यावर परत येतो. घोळ इथेच आहे. पिळताना तंतू ताणला जातो, खवले शेजाऱ्यात रुततात, आणि सोडल्यावर तो आखडतो तेव्हा शेजाऱ्यालाही सोबत आणतो. पाणी कोमट असेल तर तंतू आणखी मऊ पडतो आणि हे सगळं लवकर होतं. कपड्यांची नेहमीची पावडर अल्कधर्मी असते, ती फुगवटा वाढवते आणि वर फेसाचं वंगणही देते.

म्हणून सगळा दोष पाण्याच्या उष्णतेवर टाकला जातो. तो पुरता खरा नाही.

(पडद्यावर: रंगाचं भांडं, वाफ, आत लोंबणाऱ्या लोकरीच्या लडी)

या लडींना रंग चढतोय. पाणी उकळीच्या अगदी जवळ आहे आणि लडी त्यात तासभर राहतील. आटणार नाहीत, कारण त्यांना कोणी ढवळत नाही. पाणी त्यांच्यामधून संथपणे फिरतंय एवढंच. नवशिक्याने काठी घालून ढवळलं, तर याच भांड्यातून दोरखंड बाहेर येतील.

(पडद्यावर: विणलेले दोन तुकडे, दोन्हींवर लाल धाग्याचे चौकोन)

हे दोन तुकडे एकाच लोकरीचे, एकाच सुईवर विणलेले. दोन्हींवर 10 सेंटीमीटरचा चौकोन सुती धाग्याने टाचलाय. सुतीच, कारण खुणेचाच धागा आटला तर मोजणार काय? दोन्ही तुकडे 40 अंशाच्या पाण्यात, सारख्याच साबणात, 15 मिनिटं. डावा नुसता बुडवून ठेवला. उजवा दोन तळव्यांमध्ये चोळला, तळहाताचा मळ चोळतो तसा.

डावा वाळल्यावर दोन-तीन मिलिमीटर कमी भरला. हे खरं आटणं नव्हे. विणताना सुतावर ताण असतो, पाण्यात तो सुटतो. तुकडा ओला करून हलक्या हाताने ताणून पसरला की चौकोन पुन्हा 10 चा होतो.

उजवा रुंदीला साडेआठ आणि उंचीला साडेसात भरला. हात लावून बघितलं तर जाड, टणक. टाक्यांच्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या ओळी पुसट झाल्यात, वर केसाळ थर आलाय. आणि ही कात्री बघा. डावा तुकडा कापल्याबरोबर कडेचे टाके सुटायला लागले. उजवा कापला तर कड तशीच, एक टाका सुटत नाही. हा आता विणलेला तुकडा राहिलेला नाही, नमदा झालाय. स्वेटर आटल्यावर नेमकं काय झालंय ते ओळखायची खूण हीच: टाके वेगळे दिसतात आणि ओढल्यावर मोकळे होतात, तोवर आशा आहे.

केसांच्या कंडिशनरमध्ये भिजवून ताणायचा उपाय अशाच, थोडक्यात आटलेल्या स्वेटरवर चालतो. पुरता नमदा झालेला परत येत नाही.

(पडद्यावर: यंत्राच्या काचेतून फिरणारा ड्रम)

यंत्रात धोका ड्रमच्या फिरण्यात आहे. कपडा वर जातो, खाली आपटतो, पुन्हा वर. लोकरीच्या सेटिंगवर ड्रम जेमतेम हलतो. शेवटचं पाणी काढणारं वेगाचं फिरणं मात्र वाटतं तितकं वाईट नाही, कारण त्यात कपडा ड्रमच्या भिंतीला चिकटून असतो आणि तंतू एकमेकांवर घासत नाहीत. हाताने पिळणं त्याहून घातक. गरम हवेत कपडे उलटवून सुकवणाऱ्या यंत्रात तर ओल, ऊब आणि आपटणं, तिन्ही एकत्र येतात.

यंत्रात धुता येईल असं लिहिलेली लोकर वेगळी असते. क्लोरीनने तिच्या खवल्यांच्या कडा बोथट करून वर पॉलिमरचा पातळ थर दिलेला असतो. असं लिहिलेलं नसेल तर खवले शाबूत आहेत असंच धरा.

(पडद्यावर: टब, बुडणारा स्वेटर, तळव्याचा हलका दाब)

400 ग्रॅमचा स्वेटर, 10 लिटर पाणी, तापमान 30 अंश. लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण आधी पाण्यात विरघळवायचा, मग उलटा केलेला स्वेटर वरून दाबत बुडवायचा. 10 मिनिटं तसाच. डाग असेल तिथे बोटांनी दाबायचं, घासायचं नाही. काखेत आणि मनगटावर तर नाहीच; घाम आणि वापरातली घासण यांनी तिथले तंतू आधीच गुंतायला लागलेले असतात. दोन वेळा तितक्याच कोमट पाण्यातून काढायचा. उचलताना दोन्ही हात खालून, कारण सुतांमध्ये साचलेल्या पाण्याचं वजन खांद्याचे टाके ओढतं. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि सपाट जागेवर, धुण्याआधी मोजलेल्या मापाला पसरायचा.

(पडद्यावर: ओल्या स्वेटरवर ठेवलेली मोजपट्टी)