राउंड किती आणि दिवस किती?
(नोकरी शोधणाऱ्या तरुणांसमोर पुण्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज मी एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे. अर्ज केल्यावर कंपनीतून पहिला फोन येतो, तेव्हा विचारायचा प्रश्न. एकूण किती राउंड होतील आणि साधारण किती दिवस लागतील? भरतीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. पहिल्याच फोनवर हे विचारणारे उमेदवार मला फार कमी भेटले. बाकीचे विचारतात ते तिसऱ्या राउंडनंतर, आणि तेव्हा त्यांचा आवाज काकुळतीला आलेला असतो.

एमपीएससीच्या राज्यसेवेला बसणाऱ्याला हे विचारावं लागत नाही. पूर्व, मुख्य आणि मुलाखत हे टप्पे त्याला अर्ज भरण्याआधीपासून ठाऊक असतात. खासगी कंपनीच्या जाहिरातीत अनुभव किती हवा, कौशल्यं कोणती हवीत, ऑफिस हिंजवडीला आहे की खराडीला, हे सगळं असतं. टप्प्यांबद्दल मात्र बहुतेक वेळा अवाक्षर नसतं. म्हणून विचारावं लागतं.

विचारायचं कधी? अर्ज पोचल्याचा जो आपोआप मेल येतो, त्याला उत्तर देऊन उपयोग नाही, पलीकडे माणूस नसतो. खरी वेळ म्हणजे रिक्रूटरचा पहिला फोन. त्या फोनवर तो तुम्हाला सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी आणि नोटीस पिरियड विचारतो. त्याचे प्रश्न संपले की तो स्वतःच म्हणतो, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ तेव्हा विचारायचं. टेक्निकल राउंड घेणाऱ्या इंजिनिअरला विचारू नका. पुढचं वेळापत्रक त्याच्या हातात नसतं, बऱ्याचदा त्याला माहीतही नसतं.

अनेकांना भीती वाटते की आपण उतावळे दिसू. रिक्रूटरच्या बाजूने पाहा. तुमची नोटीस नव्वद दिवसांची असेल तर त्यालाही तारखांचा हिशेब मांडायचाच असतो. ‘माझी नोटीस तीन महिन्यांची आहे, त्यामुळे तुमच्याकडची प्रक्रिया किती टप्प्यांची आणि किती आठवड्यांची आहे हे कळलं तर मला सुट्ट्या आणि बाकीचे अर्ज त्याप्रमाणे लावता येतील,’ असं म्हटलं की त्यात गैर वाटण्यासारखं काहीच राहत नाही.

आता उत्तर कसं ऐकायचं, ते नीट लक्षात घ्या. रिक्रूटर म्हणतो, ‘तीन राउंड.’ त्या तिनात काय धरलंय? माझा अनुभव असा की रिक्रूटर पुष्कळदा फक्त टेक्निकल आणि मॅनेजरचा राउंड मोजतात. ऑनलाइन टेस्ट मोजत नाहीत, एचआरचा राउंड मोजत नाहीत. सर्व्हिस कंपनी असेल आणि तुम्हाला एखाद्या क्लायंटच्या प्रोजेक्टवर घ्यायचं असेल, तर क्लायंटचा राउंड हा सगळ्यात रेंगाळणारा. तो क्लायंटच्या सवडीने होतो, तुमच्या कंपनीचं तिथे काही चालत नाही. म्हणून लगेच पुढचं विचारा: ‘यात टेस्ट, क्लायंट आणि एचआर धरून की सोडून?’

दिवसांचंही तसंच. ‘दोन आठवडे’ हे उत्तर बहुतेक वेळा शेवटच्या राउंडपर्यंतचं असतं. ऑफर लेटर त्यानंतर येतं, आणि मधल्या काळाचा हिशेब कुणी सांगत नाही. मधे तुमच्या पे स्लिपा आणि फॉर्म 16 मागवले जातात, पगाराचा आकडा ठरतो, तो आकडा मॅनेजरच्या वर आणखी एकदोघांकडे मंजुरीला जातो. त्यातला एक रजेवर असला की आठवडा गेला. राउंड सगळे छान झाले आणि नंतर शांतता, अशी तक्रार घेऊन मुलं येतात, तेव्हा बहुतांशी गाडी इथेच अडकलेली असते. त्यामुळे माझ्या मते या प्रश्नाचा दुसरा अर्धा भागच जास्त मोलाचा आहे: ‘शेवटच्या राउंडपासून ऑफर लेटर हातात येईपर्यंत साधारण किती दिवस?’

‘ते सांगता येत नाही, डिपेंड्स,’ असं उत्तर आलं, तर भविष्य विचारू नका, मागचं विचारा. ‘याच टीममध्ये अलीकडे जे जॉइन झाले, त्यांना किती दिवस लागले?’ हे रिक्रूटरला माहीत असतं आणि सांगायला त्याला अडचणही नसते. तेही सांगता येत नसेल, तर ती जागा अजून मंजूर झालेली नसण्याची किंवा नुसतेच बायोडेटा गोळा करणं चालू असण्याची शक्यता धरा.

राउंडची संख्या फार मोठी निघाली तर? गूगलने आपल्याच जुन्या मुलाखतींचा हिशेब तपासला होता. चार मुलाखतींनंतर उमेदवाराबद्दलचा निर्णय 86 टक्के खात्रीने करता येतो, पाचवीपासून पुढे फारशी भर पडत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणून सात-आठ राउंड ऐकलेत, तर त्यातले काही एकाच दिवशी घेता येतील का, हे विचारायला संकोच नको.

एक उदाहरण सांगतो. टेस्टिंगमध्ये काम करणारी एक मुलगी, नोटीस नव्वद दिवसांची. तिला एकाच आठवड्यात दोन कंपन्यांचे फोन आले. पहिलीचा रिक्रूटर म्हणाला, तीन राउंड. तिने खोदून विचारल्यावर निघाले सहा टप्पे: ऑनलाइन टेस्ट, दोन टेक्निकल, मॅनेजर, क्लायंट आणि एचआर. मंजुरी धरून सहा आठवडे. दुसरीकडे दोन टेक्निकल, एक एचआर, ऑफर धरून दोन आठवडे, आणि ऑफर आली की तीन दिवसांत होकार द्यायचा. म्हणजे दुसरीची ऑफर येईल तेव्हा पहिली अर्ध्यावरही पोचलेली नसणार, हे तिला पहिल्याच आठवड्यात कागदावर दिसलं.

तिला पहिली कंपनी जास्त आवडली होती. तिने त्याच दिवशी तिथे मेल केला: ‘माझी दुसरीकडची प्रक्रिया दोन आठवड्यांत पूर्ण होईल. आपल्याकडचे टेक्निकल राउंड एकत्र घेता आले तर मला सोयीचं होईल.’ त्यांनी दोन्ही टेक्निकल एका शनिवारी घेतले, मॅनेजरचा राउंड पुढच्या मंगळवारी. क्लायंट मात्र हलला नाही. दुसरीची ऑफर आली तेव्हा तिने मुदत मागितली, तीनाचे पाच दिवस मिळाले. पहिलीकडे क्लायंट आणि मंजुरी मिळून अजून तीन आठवडे दिसत होते. तिने दुसरी ऑफर स्वीकारली, पहिलीला तसं कळवलं, आणि ऑफर लेटर हाती आल्यावरच राजीनामा दिला. आवडती कंपनी हुकली हे खरं, पण वेळ आधी माहीत नसती तर तिने दुसरी ऑफर सोडून तीन आठवडे नुसत्या आशेवर काढले असते.

रिक्रूटरने सांगितलेला काळ म्हणजे वचन नव्हे. बजेट थांबतं, जागा होल्डवर जाते, दिवाळीत पॅनेल जमत नाही. पण सांगितलेली मुदत उलटली की तुम्हाला विचारायला आधार मिळतो. ‘काही अपडेट आहे का?’ असं दर दोन दिवसांनी लिहिण्यापेक्षा एकदाच लिहा: ‘शेवटच्या राउंडनंतर दहा दिवस लागतील असं आपण म्हणाला होतात, आज बारावा दिवस आहे. मंजुरी कुठवर आली आहे आणि आता कोणती तारीख धरू?’ अर्ज कन्सल्टन्सीमार्फत असेल तर हेच कन्सल्टंटला विचारा, आणि ही तारीख त्याचा स्वतःचा अंदाज आहे की कंपनीने सांगितलेली, एवढं त्याच्याकडून स्पष्ट करून घ्या.